आदिमानवाला "स्किन कलर" कोणता द्यायचा?



पाचवीला परिसर अभ्यासात अश्मयुग शिकवताना मी मुलांना आदिमानवाचे चित्र काढायला सांगते. अंबरनाथ पश्चिमेतल्या माझ्या वर्गात दरवर्षी एकच हाक ऐकू येते, "ए, तुझा स्किन कलर दे ना!" मग डबीतला तो फिकट गुलाबी-पिवळा तेलखडू बाकाबाकावरून फिरतो. मागणाऱ्याचा हात आणि खडू शेजारी धरले, तर दोघांचा रंग कुठेच जुळत नाही. यंदा एका मुलीने आदिमानव गडद तपकिरी रंगवला. शेजारचा लगेच म्हणाला, "बरोबर आहे, तो मागासलेला होता ना!"

मला वाटते, हे दोन्ही खडू आपण मोठ्यांनीच मुलांच्या हातात दिले आहेत. म्हणून हा लेख. जुन्या हाडांमधल्या डीएनएवरून रंगाबद्दल काय कळते आणि काय कळत नाही, हे आपल्यालाच नीट माहीत हवे.

त्वचा, डोळे आणि केस यांचा रंग मुख्यतः मेलॅनिन या द्रव्यावर ठरतो. ते किती आणि कोणत्या प्रकारचे तयार व्हायचे, यावर अनेक जनुकांचा परिणाम होतो. डीएनए म्हणजे चार अक्षरांची, ए, टी, जी आणि सी यांची, लांबलचक ओळ समजा. या ओळीत काही ठरावीक जागी अक्षर बदलले की रंगात फरक पडतो. सगळ्यात प्रसिद्ध जागा एसएलसी२४ए५ नावाच्या जनुकात आहे. तिथे मूळ अक्षर जी. ते ए झाले की मेलॅनिन कमी बनते आणि त्वचा उजळ होते. डोळ्यांसाठीची महत्त्वाची जागा दुसऱ्याच जनुकाजवळ आहे. तिथले अक्षर बदलले की बुबुळात मेलॅनिन कमी राहते आणि डोळे निळे दिसतात.

आता एक खरे उदाहरण. स्पेनमधील लेओन भागात ला ब्रान्या नावाची गुहा आहे. तिथे २००६ साली शिकारी माणसांचे सांगाडे सापडले, सुमारे ७,००० वर्षांपूर्वीचे. त्यातल्या एकाच्या दातातून डीएनए काढला आणि २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्वचा उजळ करणाऱ्या दोन मुख्य जागांवर त्याच्याकडे जुनीच अक्षरे होती, म्हणजे त्वचा गडद असणार. केसही गडद. पण डोळ्यांच्या जागी मात्र बदललेले अक्षर. गडद कातडी आणि निळे डोळे! पुढे तुर्कस्तानाच्या बाजूने शेतकरी युरोपात आले. त्यांच्यात त्वचा उजळ करणारे ते ए अक्षर सर्रास होते आणि डोळे बहुतेकांचे तपकिरी.

म्हणजे गोरी कातडी आणि निळे डोळे हा एकत्र आलेला संच नव्हे. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या लोकांकडून आल्या आणि मिसळल्या. युरोपात माणूस ४०,००० वर्षांहून जास्त काळ राहतोय, पण आजचा गोरेपणा तिथे सर्वत्र पसरला तो गेल्या काही हजार वर्षांत. चित्रांतला गोरापान गुहावासी त्यामुळेच चुकीचा.

"मग आपल्याकडचे काय?" हा प्रश्न मुले विचारतातच. इथे पुण्याचे डेक्कन कॉलेज येते. या संस्थेचे डॉ. वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली हरियाणातील राखीगढी येथे हडप्पा काळातील दफनभूमीचे उत्खनन झाले. डीएनएसाठी ६१ नमुने तपासले. उपयोगी पडला फक्त एक, एका बाईचा, साधारण साडेचार हजार वर्षांपूर्वीचा. उष्ण हवेत डीएनए लवकर तुटतो, हे त्याचे मोठे कारण. ज्या सुमारे १२ लाख जागा वाचायच्या होत्या, त्यातल्या तीस हजारांच्या आसपासच हाती लागल्या. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या शोधनिबंधाचा विषय तिचे पूर्वज कोण, हा होता. त्यासाठी विखुरलेल्या हजारो जागा एकत्र पाहून अंदाज बांधता येतो. रंगाचे तसे नाही. तिथे मोजक्या ठरावीक जागाच हव्यात, आणि प्रत्येक जागा पुन्हा पुन्हा वाचलेली हवी.

पुन्हा पुन्हा का? कारण जुना डीएनए खराब होतो तेव्हा त्याच्या तुकड्यांच्या टोकांना सी हे अक्षर टी असे वाचले जाते, आणि समोरच्या धाग्यावर तोच बिघाड जी च्या जागी ए असा दिसू शकतो. आता वरचे आठवा, जी म्हणजे मूळचे अक्षर आणि ए म्हणजे उजळ करणारे. एकदाच वाचून "ए सापडला, माणूस उजळ होता" असे म्हटले, तर तो रंग त्या माणसाचा नसून नुसता बिघाडही असू शकतो. हाड हाताळणाऱ्या आजच्या माणसाचा डीएनए मिसळण्याची भीती वेगळीच. म्हणून शास्त्रज्ञ टोकांवरच्या बिघाडाची खूण बघतात. ती असेल तर डीएनए खरेच जुना. पण ठरावीक अक्षरावर विश्वास ठेवायचा तर टोकांपासून दूरची, वेगवेगळ्या तुकड्यांतली वाचने जुळावी लागतात.

राखीगढीच्याच दोन कवट्यांवरून चेहरेही तयार केले गेले. हाडावरून नाकाची ठेवण, जबडा यांचा अंदाज येतो. कातडीचा रंग कवटीवर लिहिलेला नसतो. आपल्या शिरूर तालुक्यातल्या इनामगावचेही तेच. तिथल्या सांगाड्यांच्या अभ्यासातून वय, दातांची अवस्था कळली. पण इनामगावच्या शेतकऱ्याचे रंगीत चित्र कुठे दिसले, तर त्यातला रंग चित्रकाराचा, हे मुलांना सांगायला हवे.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. एसएलसी२४ए५ मधले तेच ए अक्षर भारतातही भरपूर आढळते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले, की भारतीयांमधले आणि युरोपीयांमधले हे अक्षर एकाच मूळ बदलातून आलेले आहे. तरीही ते असलेली कितीतरी माणसे सावळी असतात, कारण बाकीची जनुके वेगळी असतात. एका अक्षरावरून रंग सांगता येत नाही, मग रंगावरून माणसाचे मूळ, जात किंवा अक्कल कशी सांगणार? रंगाचा अंदाज देणारी गणिते आजच्या, त्यातही मोठ्या प्रमाणात युरोपीय लोकांवरून बसवलेली आहेत. त्यामुळे प्राचीन माणसांबद्दलचे उत्तरही "बहुधा गडद" अशा शक्यतेतच मिळते.

काही शिक्षक म्हणतील, "पाचवीच्या मुलांना एवढे कशाला?" डीएनएची अक्षरे नकोतच. पण चित्राखाली दोन ओळी लिहून घेता येतात, "हे पुराव्यावरून" आणि "हा माझा अंदाज". दगडी हत्यार पहिल्या ओळीत, कातडीचा रंग बहुतेक वेळा दुसऱ्या. मी यंदा तसे केले. ज्याने "मागासलेला" म्हटले होते, त्याला ला ब्रान्याचा माणूस सांगितला. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बाई, मग त्याचे डोळे निळे रंगवू?" रंगव म्हटले. खाली लिहायला लावले, "पुरावा : दात".

पालकांनो, तुमच्याकडे एकच मागणे. घरी त्या फिकट खडूला "स्किन कलर" म्हणू नका. त्याला फिकट गुलाबी म्हणा. घरातल्या चौघांचे हात शेजारी ठेवा आणि मुलाला विचारा, यातला स्किन कलर कोणता?