नाव लिहिणार नाही, म्हणजे कोणाला कळणार नाही असं नाही



मागच्या महिन्यात डोंगराकडच्या एका वाडीत कॉलेजची एक ताई अभ्यासाला आली. पोरगी चांगली, मायेनं बोलणारी. तिनं म्हाताऱ्या आजीला विचारलं, "आजी, ओढ्याकडचा दळीचा तुकडा कधीपासून कसता?" आजी म्हणाली, "पूर आला ना, त्याच्या मागून." ताईनं वहीत लिहून घेतलं आणि म्हणाली, "घाबरू नका, सगळं निनावी आहे. कोणाला कळणार नाही."

पूर म्हणजे २६ जुलै २००५ चा. उल्हास नदीनं बदलापूर बुडवलं तो. आपली म्हातारी माणसं त्याच्यावरूनच साल मोजतात. आणि वनहक्क कायद्यात जमीन १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून ताब्यात असावी लागते. मधे पाच महिनेसुद्धा नाहीत. नंतर आम्ही बसून नीट विचारलं, तेव्हा आजी म्हणाली, तुकडा तर सासऱ्यापासूनचा आहे, पुरात बांध वाहून गेला तो मागून परत घातला. पण ताईच्या वहीत "पुरानंतर" एवढंच राहिलं. दाव्याला वडीलधाऱ्यांचा जबाब पुरावा म्हणून चालतो. मग उद्या कोणी म्हाताऱ्या माणसाचंच बोलणं दाव्याच्या विरुद्ध पुढं केलं तर?

म्हणून दोन शब्दांतला फरक समजून घेऊ. निनावी म्हणजे कोण काय बोललं हे विचारणाऱ्यालाही माहीत नसणं. गोपनीय म्हणजे त्याला माहीत आहे, पण तो दुसऱ्याला सांगणार नाही. ताई आजीच्या ओटीवर बसली, तोंड बघितलं, आवाज रेकॉर्ड केला, संमतीच्या कागदावर अंगठा घेतला. हे निनावी होऊच शकत नाही. फार तर गोपनीय. अंगठ्यांचे ते कागद म्हणजे कोण कोण बोललं त्याची यादीच.

खरं निनावी कसं असतं? आडोशाला दोन मडकी ठेवा. हो असेल तर एकात चिंचोका टाका, नाही असेल तर दुसऱ्यात. शेवटी मोजा. कोणाचा चिंचोका कुठला, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. पण त्यात एवढंच कळतं, पुढची हकीकत कळत नाही. हकीकत पाहिजे तर समोर बसावं लागतं, आणि समोर बसलं की निनावीपण गेलं.

नाव गाळलं तरी पुरत नाही. चौदा घरांच्या वाडीत "ओढ्याकाठी तुकडा असलेली विधवा" असं छापलं, की गार्डालाही कळतं आणि शेजाऱ्यालाही. आणि बैठकीत सगळ्यांसमोर बोललेलं ताई झाकेल, पण ऐकणाऱ्या वीस जणांच्या तोंडाची हमी ती कशी देणार?

मोठ्या कॉलेजांनाही हे जमलं नाही. अमेरिकेत बॉस्टन कॉलेजनं २००१ पासून आयर्लंडमधल्या जुन्या बंडखोरांच्या मुलाखती घेतल्या. तुम्ही जिवंत असेपर्यंत टेप कोणाला देणार नाही, असा शब्द दिला. २०११ साली तिकडच्या पोलिसांनी टेपा मागितल्या, प्रकरण कोर्टात गेलं आणि काही टेपा द्याव्या लागल्या. कॉलेजच्या स्वतःच्या करारात "कायदा परवानगी देईल तितपत" अशी अट होती. बोलणाऱ्यांना दिलेल्या कागदावर ती नव्हती. फसगत तिथं झाली.

आपल्याकडेही जनगणनेच्या कागदाला १९४८ च्या कायद्याचं कुलूप आहे, तो पुरावा म्हणून कोर्टात चालत नाही. वकिलाशी बोललेलंही राखलेलं असतं. अभ्यासकाच्या वहीला असं कुलूप नाही. आणि लेकरावर अत्याचार झाल्याचं कानावर आलं, तर पोक्सो कायद्यानं कोणालाही ते कळवावंच लागतं. ते झाकायचा शब्द देणाराच चुकतो.

मग प्रामाणिक अभ्यासक काय सांगू शकतो? तुमचं नाव वहीत लिहिणार नाही, खुणेचा आकडा लिहीन. आकडा कोणाचा ती यादी वेगळी, कुलुपात ठेवीन. माझ्याशिवाय माझे अमुक सर बघतील. अमक्या महिन्यात रेकॉर्डिंग पुसीन. तोवर तुम्ही बोललेलं परत घेऊ शकता. वाडीचं नाव बदलीन, पण ओळखीचा माणूस ओळखेल. कोर्टानं मागितलं तर मला अडवता येईलच असं नाही. हे सगळं तो पाळू शकतो. "कोणाला कधीच कळणार नाही" हे मात्र कोणीच पाळू शकत नाही.

आम्ही त्या ताईला हे सांगितलं. तिनं वही काढली, आजीसमोर ती ओळ वाचून दाखवली, बांधाची गोष्ट लिहिली आणि "निनावी" खोडून "गोपनीय" केलं. अभ्यासाला येणाऱ्याला हाकलू नका. आपली हकीकत लिहिली जायला हवी. पण तोंड उघडायच्या आधी विचारा: वही कोण बघणार, कुठे ठेवणार, कधी जाळणार? आणि जमिनीचं साल विचारलं, तर वनहक्क समितीचा माणूस शेजारी बसवा, आणि लिहिलेलं वाचून घेतल्याशिवाय अंगठा देऊ नका.

जिंदाबाद!