स्वस्त विम्याची खरी किंमत

दोन व्यापाऱ्यांचे भाव तोलताना माल एकाच प्रतीचा आहे ना, हे आपण प्रथम पाहतो. मोटारीच्या विम्याचे नूतनीकरण करताना मात्र हीच सवय आपण विसरतो आणि केवळ शेवटच्या रकमेवर बोट ठेवतो.

समजा, १,१९७ सीसीची मोटार आहे आणि चार वर्षांत एकही दावा केलेला नाही. दोन कंपन्यांचे प्रस्ताव आले आहेत. पहिला १२,८८१ रुपयांचा, दुसरा ९,५४७ रुपयांचा. गाडीचे विमित मूल्य दोन्हींत समान आहे. तृतीय पक्षाचा ३,४१६ रुपयांचा हप्ता शासननिर्धारित असल्याने तोही सारखाच. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा मूळ हप्ता दोन्हीकडे १०,००० रुपये असून त्यावर ४५ टक्के नो क्लेम बोनस मिळतो. कंपनी बदलली तरी हा बोनस आपल्यासोबत जातो. मात्र मुदत संपून नव्वद दिवस उलटले की तो बुडतो.

मग ३,३३४ रुपयांचा फरक आला कोठून? दुसऱ्या प्रस्तावात झीरो डेप्रिसिएशनचे पूरक संरक्षण नाही. त्याचे जीएसटीसह २,३६० रुपये वाचले. शिवाय पाच हजारांची ऐच्छिक वजावट, म्हणजे प्रत्येक दाव्यातील तेवढी रक्कम आपण स्वतः सोसण्याचा करार, त्यात घातलेला आहे. त्याबद्दल १,५०० रुपयांची सूट दिसते. परंतु बोनस सूट वजा झालेल्या रकमेवर मोजला जात असल्याने हाती केवळ ९७४ रुपये उरतात.

आता पुढचा बंपर व दिवे फुटले असे धरू. प्लॅस्टिकचे भाग १६,००० आणि मजुरी ४,००० रुपये. प्लॅस्टिकवर ५० टक्के घसारा कापला जातो. दुसऱ्या प्रस्तावात घसाऱ्याचे ८,०००, ऐच्छिक वजावटीचे ५,००० आणि अनिवार्य वजावटीचे १,००० असे १४,००० रुपये आपल्या खिशातून जातील. पहिल्यात फक्त १,००० जातील.

म्हणून दोन निर्णय स्वतंत्रपणे घ्यावेत. शहरातील गर्दीत रोज गाडी चालत असेल, आणि सव्वातीन वर्षांत असा एक अपघातही संभवत असेल, तर झीरो डेप्रिसिएशनचा खर्च वसूल होतो. ऐच्छिक वजावट मात्र सलग पाच वर्षांहून अधिक काळ दावा न केल्यासच फायद्याची ठरते.

आणखी एक नोंद वहीत करून ठेवावी. दावा केला की पुढील वर्षी मिळणारा ५० टक्के बोनस शून्यावर येतो. या उदाहरणात पहिल्याच वर्षी ५,९०० रुपयांचा तोटा. तेव्हा पाच-सहा हजारांच्या दुरुस्तीसाठी दावा न करता पदरचे पैसे भरणेच हिशेबात बसते.