अकरा की एकोणीस? तारीख कळविणाऱ्या चित्रफितीचा हिशेब

लग्नसराई जवळ आली की पत्रिका छापखान्यात जाण्यापूर्वीच नातेवाईकांना तारीख कळविण्याची एक नवी रीत आपल्याकडे चांगलीच रुळली आहे. निकाहाच्या तीन-चार महिने अगोदर अर्ध्या-एक मिनिटाची चित्रफीत व्हॉट्सॲपवर फिरते. तिला सर्वत्र ‘सेव्ह द डेट’ असेच म्हणतात. कोकणातील कुटुंबांत तर ही निव्वळ हौस राहिलेली नाही. घरातील एक तरी माणूस कुवेत, दुबई किंवा दोह्याला असतो, त्याला रजेचा अर्ज करायचा असतो आणि विमानाचे तिकीट महाग होण्यापूर्वी काढायचे असते. आमच्या समाजातील अनेक तरुण आता फोनवर किंवा घरच्या संगणकावर असे काम करून चार पैसे मिळवू लागले आहेत. हे काम करणाऱ्यांसाठी आणि करवून घेणाऱ्यांसाठी आम्ही हे लिहीत आहोत.

आमचे मत प्रारंभीच सांगतो. ही चित्रफीत म्हणजे सिनेमा नव्हे, ती सूचना आहे. तारीख, वार आणि गाव पाहणाऱ्याच्या डोक्यात पक्के बसले नाही, तर बाकीची सजावट फुकट गेली. हे आम्ही ऐकीव माहितीवर बोलत नाही. आमच्याच नात्यातील एका लग्नात हा प्रसंग घडला. निकाह ११ जानेवारी २०२६ रोजी होता. चित्रफीत देखणी होती, फिक्या पार्श्वभूमीवर सोनेरी बारीक अक्षरे, वरून सतत गळणाऱ्या गुलाबपाकळ्या आणि भोवती चमकी. कुवेतमधील चाचांनी ती पाहिली आणि १९ तारखेच्या हिशेबाने रजा मागितली. आम्ही फोन केला तेव्हा ते म्हणाले, “बाबा, मी चष्मा लावून दोनदा पाहिलं. मला एकोणीसच दिसलं.” रजा बदलून मिळाली नाही. ते आले तेव्हा वलीमासुद्धा उरकला होता.

दोष चाचांच्या डोळ्यांचा नव्हता. देवनागरीतील १ आणि ९ या अंकांत फरक असतो तो एका लहानशा वळणाचा. अक्षर बारीक असले आणि चित्र थोडे पुसट झाले, की ते वळण पहिल्यांदा जाते. वार लिहिला असता तरी निभावले असते, कारण ११ जानेवारी हा रविवार होता आणि १९ हा सोमवार. चाचांनी कॅलेंडर पाहिले असते तर चूक लगेच ध्यानात आली असती. परंतु ‘जागा कमी पडते’ म्हणून वार गाळला होता आणि पाकळ्यांना मात्र जागा होती.

चित्र पुसट का झाले, हे समजून घेणे या धंद्यात पडणाऱ्याला आवश्यक आहे. ती चित्रफीत ७२ सेकंदांची होती. बनविणाऱ्याने फोनच्या ॲपमध्ये जे सर्वात वरचे माप होते ते निवडले होते. त्यात दर सेकंदाला सुमारे १६ मेगाबिट माहिती खर्च होत होती. ७२ ला १६ ने गुणले की ११५२ मेगाबिट होतात, आणि आठ बिटांचा एक बाइट म्हणून आठने भागले की १४४ एमबी. एवढी फाईल व्हिडिओ म्हणून पाठविली की व्हॉट्सॲप ती जशीच्या तशी पाठवीत नाही, दाबून लहान करते. दाबताना दर सेकंदाला जी थोडी माहिती वाट्याला येते ती चित्रात जे हलते आहे त्यावर अगोदर खर्च होते. पाकळ्या आणि चमकी प्रत्येक क्षणी हलत होत्या. स्थिर उभ्या असलेल्या तारखेच्या वाट्याला उरलेसुरले आले. थोडक्यात, पाकळ्यांनी तारीख खाल्ली.

कोणी म्हणेल, व्हिडिओ म्हणून न पाठविता डॉक्युमेंट म्हणून पाठवावा, मग तो दाबला जात नाही. हे खरे आहे. २०२२ पासून व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट २ जीबीपर्यंत जाते. परंतु ते एखाद्या कार्यालयीन कागदासारखे दिसते, ते उतरवून घ्यावे लागते, आणि गावातील खाला किंवा नानी त्याला हात लावीत नाहीत. सूचना अशी हवी की बोट लागताच ती सुरू व्हावी. म्हणून फाईल मुळातच लहान बनविणे हाच मार्ग आम्हाला योग्य वाटतो.

आता हिशेब उलट बाजूने मांडू. लांबी ३० सेकंद धरावी. व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर बरीच वर्षे तीस सेकंदांचीच मर्यादा होती. ती पुढे वाढली, तरी एवढ्या वेळात सांगायचे ते सांगून होते. उभे चित्र, ७२० बाय १२८०, सेकंदाला ३० चौकटी आणि दर सेकंदाला २ मेगाबिट. तीस सेकंदांचे ६० मेगाबिट, म्हणजे ७.५ एमबी. आवाजाचा अर्धा एमबी धरला की एकूण ८ एमबी. साध्या नेटवर्कवरही हे लवकर उतरते. फाईल `MP4` आणि `H.264` या प्रकारातच काढावी. काही नवे फोन आपणहून `HEVC` वापरतात आणि जुन्या फोनवर मग आवाज येतो पण पडदा काळा राहतो. एवढे करूनही व्हॉट्सॲप तिला थोडीफार दाबू शकते, विशेषतः पाठविताना `HD` हा पर्याय निवडला नाही तर. म्हणून तारखेच्या वेळी पार्श्वभूमी शांत, गडद आणि स्थिर ठेवावी, अक्षर जाड असावे, आणि फोन हात लांब करून धरला तरी अंक ओळखू यावेत. पाकळ्या हव्याच असतील तर नावांवर गळू द्याव्यात.

संगीताचा प्रश्न बहुतेक जण शेवटी सोडवितात, आणि आमच्या मते घोटाळा तिथेच होतो. अगोदर दृश्ये जोडून मग गाणे टाकले की ते कडव्याच्या मध्येच तुटते, किंवा गाणे पुरे व्हावे म्हणून चित्रफीत लांबविली जाते. ती ७२ सेकंदांची झाली ती याच कारणाने. त्याऐवजी आवाज अगोदर निवडावा आणि त्याचे ठोके मोजावेत. मिनिटाला ९६ ठोक्यांची चाल असेल तर चार ठोक्यांचे एक आवर्तन अडीच सेकंदांत पुरे होते आणि अशी बारा आवर्तने म्हणजे बरोबर ३० सेकंद. मग कात्री कोठे लावायची हे आपोआप ठरते. पहिली दोन आवर्तने, म्हणजे ५ सेकंद, दोघांची नावे. पुढील दोन घराचे किंवा कुटुंबाचे चित्र. त्यानंतर चार आवर्तने, पूर्ण १० सेकंद, फक्त वार आणि तारीख. दोन आवर्तने गाव व सभागृह. शेवटची दोन आवर्तने नावे, तारीख आणि गाव एकत्र, स्थिर, आणि त्यातील अखेरच्या दोन सेकंदांत आवाज हळूहळू विरतो. हा शेवटचा फलक लोक थांबवून त्याचा फोटो काढून ठेवतात, म्हणून तो हलता नसावा.

ज्या घरांत वाद्ये नको असतात तेथे नुसता दफ किंवा निव्वळ गळ्यातील आवाज वापरतात. दफाचे ठोके मोजता येतात. नुसता आवाज असेल तर गाणारा जेथे श्वास घेतो तेथे फलक बदलावा. काही जण तिलावत मागे लावून तीस सेकंदांवर अर्ध्या आयतीत कापतात, हे आम्हाला मुळीच पटत नाही. आवाज नको असेल तर चित्रफीत मुकी ठेवावी. कित्येक जण ती कार्यालयात किंवा बसमध्ये आवाज बंद करूनच पाहतात, तेव्हा आवाजाविना ती पूर्ण समजली पाहिजे, हे तर सर्वांनाच लागू आहे. सिनेमाचे गाणे घरच्या लोकांत फिरले तर सहसा कोणी अडवीत नाही. परंतु तीच चित्रफीत दुकानाची जाहिरात म्हणून इन्स्टाग्रामवर किंवा यूट्यूबवर टाकली की आवाज बंद केला जाऊ शकतो, आणि धंदा करणाऱ्याने दुसऱ्याचे गाणे परवानगीशिवाय वापरूही नये.

तारखेला दहा सेकंद हे पुष्कळांना जास्त वाटतात. बनविणाऱ्या मुलाला तारीख पाठ असते, त्यामुळे त्याला दोन सेकंदही पुरेसे वाटतात. आमची कसोटी अगदी साधी आहे. घरातील वडीलधाऱ्या माणसाला तो मजकूर सावकाश, मोठ्याने, दोनदा वाचायला सांगावे आणि घड्याळ लावावे. ‘रविवार, ११ जानेवारी २०२६’ एवढे दोनदा वाचायला सुमारे आठ सेकंद जातात. अक्षरे येण्यास अर्धा आणि जाण्यास अर्धा सेकंद. जो वेळ मोजायचा तो अक्षरे स्थिर उभी असतानाचा. अक्षरे फिरत, उडत येत असताना कोणीही वाचीत नाही.

अक्षरांच्या हालचालीत आमच्या लिप्यांचे एक खास दुखणे आहे. एकेक अक्षर टाइप होत येण्याचा प्रकार इंग्रजीसाठी बनलेला आहे. देवनागरीत तो लावला की काही ॲपमध्ये वेलांटी वेगळी उडते, जोडाक्षर फुटते आणि ‘निकाह’मधील पहिली वेलांटी न च्या आधी एकटीच तरंगते. उर्दूत तर आणखी वाईट, जोडून लिहायची अक्षरे सुटी सुटी होतात आणि कधी उलट क्रमाने उभी राहतात. वधूपित्याचे नाव असे फोडून दाखविले की गिऱ्हाईक पुन्हा येत नाही. यावर उपाय म्हणजे पूर्ण शब्द किंवा पूर्ण ओळ एकदम आणावी. तरीही ॲप ऐकत नसेल तर ती ओळ दुसरीकडे नीट लिहून, पारदर्शक पार्श्वभूमीचे `PNG` चित्र करून टाकावे. चित्रातील अक्षरे फुटत नाहीत. मात्र तारीख बदलली तर चित्र नव्याने करावे लागते, म्हणून मूळ मजकूर जपून ठेवावा.

पहिल्या क्षणी पडदा काळा ठेवून हळूहळू उजळण्याची पद्धतही सोडावी. पाठविल्यावर जो छोटा नमुना दिसतो तो बहुधा पहिल्याच चौकटीचा असतो. काळा चौकोन पाहून कोण उघडणार?

राहता राहिला मोबदला. आज पुष्कळ ठिकाणी मिनिटावर दर ठरतो. जितके लांब तितके पैसे, म्हणून बनविणारा लांबवितो आणि घेणाऱ्यालाही जास्त मिळाल्यासारखे वाटते. आमचे म्हणणे असे की दर कामावर ठरावा, आणि त्या कामात चाचणी धरलेली असावी. तयार फाईल व्हॉट्सॲपवरून तीन फोनवर पाठवावी, त्यांपैकी एक पाच-सहा वर्षांचा जुना असावा. ज्याला तारीख ठाऊक नाही अशा माणसाने ती एकदाच पाहावी, मग फोन काढून घ्यावा आणि कोणत्या वारी, कोणत्या तारखेला, कोठे, असे विचारावे. त्याने तिन्ही गोष्टी बरोबर सांगितल्या तरच फाईल गिऱ्हाइकाच्या हाती द्यावी. आमच्या घरच्या त्या चित्रफितीची ही चाचणी आम्ही नंतर करून पाहिली. पाच जणांपैकी दोघांनी एकोणीस सांगितले.