इंच नव्हे, रुंदी मोजा

मोबाइलच्या दुकानात ‘मला फोनवर मराठी पुस्तकं वाचायची आहेत’ असं सांगून बघा. विक्रेता न चुकता काउंटरवरचा सर्वांत लांब फोन पुढे करतो. ‘हा घ्या काका, पावणेसात इंची आहे.’ काका खूश होतात, पैसे मोजतात आणि घरी येऊन पाहतात तर अक्षर जुन्या फोनएवढंच! दोष काकांच्या डोळ्यांचा नाही. दुकानातला इंच पडद्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरका मोजलेला असतो आणि आपण काही तिरकं वाचत नाही.

हिशेब करून बघू. काही वर्षांपूर्वीचे बरेच फोन साडेपाच इंची होते आणि त्यांच्या पडद्याची उंची व रुंदी १६ : ९ या प्रमाणात असत. म्हणजे रुंदी सुमारे ६८ मिलिमीटर. आजचा साडेसहा इंची फोन बहुधा २० : ९ या प्रमाणाचा, म्हणजे अंगाने उंच आणि शिडशिडीत. त्याची रुंदीही ६८ मिलिमीटरच; काटेकोर मोजली तर केसभर कमीच भरते. एक अख्खा इंच वाढला तो सगळा उंचीला गेला. पावणेसात इंची फोन घेतला तरी रुंदीत दोन-अडीच मिलिमीटरच पदरात पडतात. उंचीमुळे एका वेळी चार-सहा ओळी जास्त दिसतात, आणि त्या मिळाल्या तर हव्याच आहेत. पण ओळ धावते ती रुंदीत. अक्षर किती मोठं ठेवता येईल, एका ओळीत किती शब्द बसतील, हे सगळं रुंदीच ठरवते. म्हणून फोन घ्यायला जाताना खिशात नातवंडाच्या कंपासपेटीतली पट्टी ठेवावी. लोक हसतील, हसू द्यावं.

आता रिझोल्यूशन. जाहिरातीत ७२० × १६०० किंवा १०८० × २४०० असे आकडे असतात. पहिल्याला एचडी प्लस म्हणतात, दुसऱ्याला फुल एचडी प्लस. त्यातला लहान आकडा घ्यायचा आणि त्याला मिलिमीटरमधल्या रुंदीने भागायचं. ६८ मिलिमीटरच्या पडद्यावर पहिल्यात एका मिलिमीटरमागे साधारण साडेदहा ठिपके येतात, दुसऱ्यात सोळा.

या ठिपक्यांचं देवनागरीत नेमकं कुठे अडतं? ‘भ’ आणि ‘म’ शेजारी लिहून पाहा, तसेच ‘ध’ आणि ‘घ’. यांच्यातला मोठा फरक म्हणजे डावीकडची शिरोरेघेतली फट. ती बुजली की ‘भरण’चं ‘मरण’ होतं आणि ‘धार’ आकाशात उडू लागते. छापील पुस्तकात शिरोरेघेपासून पायापर्यंत अक्षर साधारण सव्वादोन मिलिमीटर उंच धरलं, तर ही फट पाव मिलिमीटरच्या आसपास भरते. एचडी प्लस पडद्यावर तिच्या वाट्याला अडीच ठिपके येतात, फुल एचडी प्लसवर चार. अनुस्वाराचा ठिपका आणि ‘दऱ्या’मधला अर्धा र हेही असेच नाजूक. ‘दर्या’ की ‘दऱ्या’ हे संदर्भाने लावून घ्यावं लागलं, की वाचनाचा वेग मंदावतो आणि तासाभरात कपाळ दुखू लागतं.

ठिपके वाढवत गेलो तर मग सुख वाढतच जाईल का? नाही. फोन आपण डोळ्यांपासून साधारण ३५ सेंटिमीटरवर धरतो. चांगल्या नजरेला त्या अंतरावरून मिलिमीटरचा दहावा भाग जेमतेम वेगळा ओळखू येतो. म्हणजे मिलिमीटरला दहा ठिपके ही किमान गरज आणि सोळा म्हणजे पोटभर. त्यापुढचे दीड हजार ठिपक्यांच्या रुंदीचे महागडे पडदे फोटो बघायला छान असतील, पण कादंबरीसाठी त्यांचे जास्तीचे पैसे मोजू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. फक्त एक बारकावा लक्षात ठेवावा. बऱ्याच अमोलेड पडद्यांत लाल आणि निळे ठिपके हिरव्यांच्या निम्मेच असतात, त्यामुळे ७२० च्या अमोलेडवर बारीक अक्षराच्या कडा रंगीत आणि मऊ दिसतात. बजेट ७२० चंच असेल तर साधा एलसीडी बरा. १०८० ला हा प्रश्न सहसा जाणवत नाही.

इथवरची गोष्ट ज्या मजकुराचा आकार वाढवता येतो त्याची झाली. मराठी वाचकाची खरी कोंडी पुढे आहे, कारण त्याच्या फोनमधली निम्मी लायब्ररी पीडीएफची असते. इंटरनेट आर्काइव्हवरून उतरवलेली जुनी पुस्तकं, व्हॉट्सअॅपवर आलेला दिवाळी अंक, एखाद्या लेखकाने प्रेमाने पाठवलेला कवितासंग्रह, सगळे पीडीएफ. पीडीएफ म्हणजे छापील पानाचा फोटोच समजा. पान ज्या मापाचं, त्याच मापाचं राहतं.

डेमी आकाराचं मराठी पुस्तक घेऊ. पान साडेपाच इंच रुंद, म्हणजे १४० मिलिमीटर. ते ६८ मिलिमीटरच्या पडद्यावर अख्खं बसवलं की निम्म्याहून किंचित लहान होतं. सव्वादोन मिलिमीटरचं अक्षर १.१ मिलिमीटरवर येतं आणि ‘भ’ची फट ०.१२ वर. ही नजरेची हद्दच झाली. इथे पडद्याला कितीही ठिपके असोत, डोळाच हात टेकतो. बोटांनी पान मोठं केलं तर ओळ दोन्ही बाजूंनी बाहेर जाते. मग प्रत्येक ओळीला पान डावीकडे-उजवीकडे सरकवा, आणि परत येताना चुकून तीच ओळ पुन्हा वाचा!

यावर पहिला उपाय समास कापण्याचा. बऱ्याच पीडीएफ वाचकांत तशी सोय असते. १४० मिलिमीटरच्या पानात मजकूर साधारण १०५ मिलिमीटरमध्येच बसलेला असतो. कोरी कड गेली की अक्षर १.१ वरून जवळजवळ दीड मिलिमीटरवर येतं. फुल एचडी प्लसवर आणि तरुण डोळ्यांना हे चालतं, पण चाळिशी लागलेल्यांना नाही. त्यांच्यासाठी दुसरा उपाय: फोन आडवा करा. साडेसहा इंची फोन आडवा धरला की दीडशे मिलिमीटर रुंदी मिळते आणि समास कापलेलं पान छापीलपेक्षाही मोठं दिसतं. अक्षर तीन मिलिमीटरच्या पुढे जातं. किंमत एवढीच की एका वेळी सात-आठ ओळी दिसतात आणि एक पान संपवायला तीन-चारदा वर सरकवावं लागतं. हे सरकवणं एकाच दिशेने असतं, त्यामुळे ओळ सुटत नाही. पीडीएफच वाचायची असेल तर माझ्या मते हा एकच मार्ग सुसह्य आहे, आणि फोनची वाढलेली उंची कामी येते ती इथे.

‘पीडीएफचा मजकूर फोनला साजेसा ओतून देतो’ असं म्हणणारी सोयही काही अॅपमध्ये असते. ती मराठीत चालेल की नाही, हे आधी ओळखता येतं. एखाद्या शब्दावर बोट दाबून धरा, तो कॉपी करा आणि नोट्समध्ये चिकटवा. शब्द निवडलाच जात नसेल तर ते स्कॅन आहे, फोटोतून अक्षरं अशी निघणार नाहीत. चिकटवल्यावर रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी आली, तर पुस्तक युनिकोडपूर्व फॉन्टात जुळवलेलं आहे. पडद्यावर मराठी दिसतं, पण आत संगणकाला मराठीचा पत्ता नाही. असं पुस्तक ओतायला गेलात तर तीच खिचडी पानभर मिळेल. शब्द शुद्ध देवनागरीत उमटला तरच आशा, आणि तिथेही ऱ्हस्व वेलांटी किंवा रफार कधीकधी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतात.

माझी तक्रार फोन बनवणाऱ्यांपेक्षा आपल्या प्रकाशकांकडे जास्त आहे. छापखान्यात गेलेलीच फाइल ‘ई-बुक’ म्हणून पाठवायची, यात वाचकाचा विचार कुठे आला? युनिकोडमध्ये जुळवलेलं ईपब देणं हा सरळ मार्ग. ते जमत नसेल तर निदान पीडीएफचं पान ९ सेंटिमीटर रुंद करा, समास चिमूटभर ठेवा आणि अक्षर तीन मिलिमीटरचं घ्या. फोनवर ते आपोआप सव्वादोनवर येईल, छापील पुस्तकाइतकं. पानं वाढतील, पण पडद्यावरच्या पानाला कागद लागत नाही.

ईपब हाती आलं तरी दोन गोष्टी सेटिंगमध्ये जाऊन बदलाव्यात. एक, ओळी दोन्ही बाजूंनी समान करण्याची सोय बंद करावी. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात, ‘महानगरपालिकेच्या’सारखा शब्द एकटाच अर्धी ओळ खातो. ६० मिलिमीटरच्या ओळीत चार-पाच शब्द बसतात; अॅपला मराठी शब्द तोडता येत नसेल तर ते उरलेल्या शब्दांमध्ये खड्डे पाडून ओळ भरतं. डावीकडून सरळ आणि उजवीकडे मोकळी ओळ डोळ्याला सोपी जाते. दोन, ओळींमधलं अंतर अक्षराच्या दीडपट तरी ठेवावं. आपल्या लिपीत ‘राष्ट्र’ खाली उतरतं आणि ‘सर्वांचं’ वर चढतं. अंतर कमी असलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारावर आदळतो. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरं अक्षर अनेकांना आवडतं, पण त्यात पांढरेपणा पसरतो आणि ‘भ’ची ती फट पुन्हा बुजायला लागते. तसं वाचायचंच असेल तर अक्षर एक पायरी मोठं करावं.

घरात स्कॅन केलेल्या जुन्या पुस्तकांचाच रतीब असेल, तर मात्र फोनचा नाद सोडून आठ-नऊ इंची टॅबलेट पाहावा. त्याची रुंदी साधारण ११५ मिलिमीटर असते, म्हणजे समास कापलेलं डेमी पान उभ्यातच जवळजवळ मूळ मापात दिसतं. फक्त स्वस्त टॅबलेटमध्ये रुंदीला ८०० ठिपकेच असतात, म्हणजे मिलिमीटरला सातच. तिथे अक्षर मोठं असूनही फाटल्यासारखं दिसतं. खोक्यावरचा लहान आकडा १२०० किंवा त्याहून मोठा असेल तरच घ्यावा, नाहीतर त्या पैशात फोन आडवा धरून वाचलेलं बरं.