नोकरीच्या जाहिरातीतील ताळमेळ

पुण्यातील एका व्यापारी कुटुंबातील मुलीने बी. कॉम. झाल्यावर दीड वर्ष एका करसल्लागाराच्या कार्यालयात काम केले. त्याआधीपासून घरच्या भांड्यांच्या दुकानाचे हिशेब टॅलीवर तीच ठेवत असे. औषधांच्या एका घाऊक वितरकाकडे ‘अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह’ हवा असल्याची जाहिरात तिच्या पाहण्यात आली. सोबत जोडलेल्या कामाच्या वर्णनात एकूण सोळा ओळी होत्या. त्या एकदा वाचून तिने कागद बाजूला ठेवला. “एवढे सगळे मला कुठे येते?” असे ती म्हणाली. काकांनी कागद उचलला आणि तिच्याच हाती पेन्सिल दिली. सौदा ठरवताना मालाचा नग, भाव आणि उधारीची मुदत वेगवेगळी पाहायची असते; येथे सोळाही ओळी तिने एकाच भावाने वाचल्या होत्या, असे त्यांचे म्हणणे पडले.

अशा वर्णनाचे तीन भाग पाडता येतात. प्रत्यक्ष करायचे काम हा पहिला, त्यासाठी लागणारे कौशल्य हा दुसरा, आणि मालकाच्या मनात असलेले पण कागदावर स्पष्ट न लिहिलेले हा तिसरा. भाग पाडणे सोपे आहे. पहिल्या भागातील ओळींचा गोषवारा काढणे मात्र अवघड. ही वर्णने बहुधा जुन्या कागदावर नव्या ओळी चढवत तयार होतात. त्यामुळे एकच काम तीन नावांनी येते, आणि वर्षातून एकदाच करायचे काम रोजच्या कामाशेजारी तितक्याच ऐटीत बसलेले असते.

म्हणून तिने प्रथम प्रत्येक ओळीतील क्रियापद अधोरेखित केले आणि समोर ‘रोज’, ‘महिन्याला’ किंवा ‘वर्षाला’ असे लिहिले. खरेदी-विक्रीची बिले नोंदवणे रोजचे होते. लेखापरीक्षणास साहाय्य करणे वर्षाचे होते, आणि ‘साहाय्य’ या शब्दाचा अर्थ येथे कागदपत्रे काढून देणे एवढाच होता. याच ओळीने ती सर्वाधिक घाबरली होती. मग एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. बँकेचा ताळमेळ, पुरवठादारांच्या खात्यांचा ताळमेळ आणि जीएसटीच्या खरेदीचा ताळमेळ अशा तीन ओळी तीन ठिकाणी विखुरलेल्या होत्या. ज्या गोष्टीचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो, तेथेच मालकाचे दुखणे असण्याचा संभव अधिक. सोळा ओळींचा गोषवारा अखेर तीन वाक्यांत आला: रोजची बिले नोंदवणे, दर महिन्याला ताळमेळ घालून जीएसटीची विवरणे तयार करणे, आणि थकलेल्या येण्यासाठी फोन करणे.

शेवटचे वाक्य वर्णनात अशा शब्दांत नव्हते. तेथे ‘ग्राहकांशी समन्वय’ असे होते. परंतु हिशेबाच्या खात्यातील माणसाने औषध दुकानदारांशी आणखी कसला समन्वय साधावा? हा उधारीच्या वसुलीचाच सभ्य शब्द, असे काकांनी हसत सांगितले.

कौशल्यांच्या भागात ‘आवश्यक’ आणि ‘असल्यास प्राधान्य’ हे शब्द वेगळे काढणे इतकेच बहुतेक अर्जदार करतात. तेवढ्याने भागत नाही. टॅली आणि जीएसटीचे ज्ञान आवश्यक होते, सॅपचा अनुभव प्राधान्याचा. सॅप येत नाही म्हणून अर्ज न करण्याचे कारण नव्हते. याउलट एक कौशल्य कौशल्यांच्या यादीत नव्हतेच, ते कामातून ओळखावे लागत होते. मासिक विवरण भरणाऱ्या व्यापाऱ्याचे जीएसटीआर-१ पुढील महिन्याच्या ११ तारखेपर्यंत जाते, पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांचे जीएसटीआर-२बी १४ तारखेला तयार होते, आणि जीएसटीआर-३बी २० तारखेपर्यंत भरावे लागते. म्हणजे खरेदीच्या ताळमेळाला मधले पाच-सहा दिवसच उरतात. वितरकाकडे शेकडो बिले येणार. ती डोळ्यांनी ताडून पाहणे शक्य नाही. एक्सेलमध्ये दोन याद्या समोरासमोर लावून न जुळणारी बिले वेगळी काढता आली पाहिजेत, आणि बिल क्रमांकात एखादे शून्य किंवा तिरपी रेघ कमी-अधिक असली तरी ते ओळखता आले पाहिजे. करसल्लागाराकडे हेच तर ती दर महिन्याला करत होती. मुलाखतीत संगणकासमोर बसवून परीक्षा घेतलीच तर ती याचीच असेल, हे आता उघड होते.

राहिला अनुभव. ‘दोन ते चार वर्षे’ या अटीपुढे तिची दीड वर्षे तोकडी पडत होती. दुकानाचे काम तिने अर्जात ‘घरच्या व्यवसायात मदत’ असे लिहिले होते. या तीन शब्दांतून समोरच्याला काहीही कळत नाही. त्याऐवजी तिने किती वर्षे टॅली सांभाळली, महिन्याला सुमारे किती बिले नोंदवली, किती ग्राहकांची उधारी पाहिली, हे आकड्यांसह लिहिले. जे केले नव्हते ते लिहिले नाही. वर्णनातील शब्द जसेच्या तसे अर्जात उतरवणारे पुष्कळ असतात. पहिल्याच उलटप्रश्नाला ते उघडे पडतात.

आता तिसरा भाग. ‘त्वरित रुजू होणारा उमेदवार हवा’, ‘गरजेनुसार वेळेत लवचिकता’, ‘स्वतःचे दुचाकी वाहन असल्यास उत्तम’ अशा तीन ओळी शेवटी होत्या. त्वरितचा अर्थ आधीचा माणूस मध्येच सोडून गेला आणि काम तुंबले असा असू शकतो. धंदा वाढला म्हणून नवी जागा निघाली असाही असू शकतो. दुचाकी म्हणजे बँकेच्या आणि वाहतूकदाराच्या खेपा. लवचिकता म्हणजे ११ आणि २० तारखेच्या आधीच्या संध्याकाळी. पण हे सारे तर्क आहेत, आणि तर्काला वस्तुस्थिती समजणे ही येथील नेहमीची चूक आहे. म्हणून प्रत्येक तर्कासमोर तिने एक प्रश्न लिहिला. वर्णनात टीडीएसचा शब्दही नव्हता. ते काम बाहेरचा सल्लागार पाहतो की लिहायचे राहून गेले, हाही प्रश्न त्यात घातला.

वेळेचा प्रश्न तिच्या दृष्टीने सर्वांत नाजूक होता. ती चौविहार पाळते, आणि पुण्यात डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. हे बोलावे की रुजू झाल्यावर पाहावे, यावर घरात दोन दिवस वाद झाला. आईचे मत न बोलण्याचे होते. अखेर तिने मुलाखतीत विचारायचे ठरवले, परंतु सवलत मागण्याच्या सुरात नव्हे: “महिन्यातून साधारण किती दिवस सातनंतर थांबावे लागते? त्या दिवशी मी साडेपाचला अर्धा तास जेवणासाठी घेईन आणि काम संपवून जाईन.”

मालकांनी ते लगेच मान्य केले. असे सहा-सात दिवस येतात, असे सांगितले. अडखळले ते दुसऱ्याच प्रश्नावर. “सध्या कोणत्या महिन्यापर्यंतचा ताळमेळ पूर्ण आहे?” असे तिने विचारले, तेव्हा त्यांनी लेखापालांकडे पाहिले. पाच महिन्यांचा बाकी होता. तो पुरा होईपर्यंत वसुलीचे फोन दुसऱ्या कोणाकडे द्यावेत, असे तिने तेथेच सुचवले. नेमणूकपत्र आले तेव्हा त्यात पहिल्या तीन महिन्यांसाठी ‘ग्राहकांशी समन्वय’ ही ओळ नव्हती.