उपवास की उपाशीपोटी?

संघाच्या व्हॉट्सॲप गटावर नेहमी येणाऱ्या सूचनांपैकी एक येथे घेतली आहे. नावे वगळली आहेत. बाकी घडण अशीच असते.

«सर्व साधर्मिक बंधू-भगिनींना सस्नेह जय जिनेंद्र. संघाच्या वतीने ज्येष्ठांच्या आरोग्याच्या दृष्टीने येत्या रविवारी फ्री हेल्थ चेकअप कॅम्पचे आयोजन करण्यात आले असून त्यामध्ये शुगर फास्टिंग व पीपी, बीपी आदी तपासण्या केल्या जाणार आहेत. तरी इच्छुकांनी उपवास करून सकाळी लवकर उपस्थित राहावे, सकाळची औषधे घेऊ नयेत, जुने रिपोर्ट व आधार कार्ड आणावे, नावनोंदणी खालील लिंकवर करावी आणि हा संदेश जास्तीत जास्त सदस्यांपर्यंत पोहोचवावा.»

तरुण कार्यकर्त्याला यात काही खटकणार नाही. परंतु ज्यांच्यासाठी शिबिर आहे, त्या पंचाहत्तरीच्या आजींच्या दृष्टीने ही सूचना वाचून पाहावी. ‘फास्टिंग’ या शब्दाचे भाषांतर कार्यकर्त्याने ‘उपवास’ असे केले. प्रयोगशाळेच्या भाषेत त्याचा अर्थ रात्रीपासून सुमारे आठ-दहा तास काही न खाणे, एवढाच. आपल्या घरात मात्र उपवास म्हणजे पचखाण. आदल्या सूर्यास्तापासून ते उपवासाचा पूर्ण दिवस संपून तिसऱ्या सकाळी पारणे होईपर्यंत अन्नाचा कण नाही. आजी शनिवारी संध्याकाळी मनोभावे पचखाण घेतील, रविवारी रक्त देतील आणि दिवसभर उपाशी राहतील. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्या व्यक्तीची साखर अशा वेळी धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. शिवाय ‘पीपी’ म्हणजे जेवणास आरंभ केल्यापासून दोन तासांनी घ्यावयाचा दुसरा नमुना. पचखाण घेतलेली व्यक्ती खाणारच नाही, म्हणजे तो नमुनाही निरर्थक. एका शब्दामुळे तपासणी फसते आणि प्रकृतीलाही अपाय होतो.

म्हणून सूचना सोपी करताना पहिले काम लांबी कापण्याचे नाही. कोणता शब्द ज्येष्ठांच्या मनात वेगळा अर्थ घेऊन बसला आहे, ते शोधण्याचे आहे. इंग्रजी शब्द काढून मराठी घातला की सूचना सोपी झाली, असे पुष्कळांना वाटते. येथे तर मराठी शब्दच घातक ठरला. ‘उपाशीपोटी’ बरा, त्याहून ‘काही न खाता’ अधिक बरा. त्यापुढे ‘चहा-दूधही नको’ हे स्पष्ट लिहावेच लागते, कारण अनेकांच्या लेखी चहा हे खाणे नव्हे.

दुसरा प्रश्न आज्ञांचा. वरील सूचनेत सहा आज्ञा आहेत: उपवास करा, लवकर या, औषधे घेऊ नका, कागद आणा, लिंकवर नोंदवा, पुढे पाठवा. सहाही सारख्याच स्वरात सांगितल्यामुळे महत्त्वाची कोणती, हे वाचणाऱ्याने ठरवायचे. त्यांतली एकच निवडावी: जी चुकली तर सर्व फुकट जाते ती. येथे ती ‘काही न खाता या’ हीच. नावनोंदणी दारापाशी वही ठेवून करता येते. लिंक ज्येष्ठांसाठी नव्हतीच. आधार कार्डाची या तपासणीला गरज काय, हे आधी आयोजकांनी स्वतःला विचारावे. दुसऱ्या नमुन्याची वेळ रक्त घेतल्यावर तिथल्या तिथे चिठ्ठीवर लिहून द्यावी. दोन दिवस आधी सांगून ती कोणाच्या लक्षात राहणार?

औषधांचे वाक्य मात्र टाळता येत नाही, आणि कार्यकर्त्याने ते स्वतः रचूही नये. ‘सकाळची औषधे घेऊ नयेत’ हे वाचून रक्तदाबाची गोळीही चुकवली जाते. शिबिराच्या डॉक्टरांकडून ते वाक्य लिहून घ्यावे आणि जसेच्या तसे घालावे.

वेळेचेही पाहावे. पुण्यात नोव्हेंबरच्या मध्यास सूर्योदय साडेसहा ते पावणेसातच्या दरम्यान होतो. त्यानंतर ४८ मिनिटांनी नवकारशी, म्हणजे साधारण साडेसात. चौविहार करणारे तोवर पाणीही घेत नाहीत, म्हणजे प्रयोगशाळेला हवे असलेले तास त्यांचे आपोआप भरलेले असतात. सात ते आठ या वेळेत रक्त घेतले, तर नवकारशी पाळून लगेच नाश्ता देता येतो. ज्यांचे एकासणे असेल त्यांचा मात्र तो नाश्ता होणार नाही. म्हणून आठम-चौदस टाळूनच दिवस धरावा.

आता नवी सूचना:

*साखरेची तपासणी*
*रविवार, १६ नोव्हेंबर*
*सकाळी ७ ते ८*
*उपाश्रय, तळमजला*

*सकाळी काही न खाता या.*

चहा-दूधही नको. साधे पाणी चालते.
उपवासाचे पचखाण घेण्याची गरज नाही.

रक्त दिल्यावर नवकारशी होताच नाश्ता तेथेच मिळेल.

(येथे डॉक्टरांनी दिलेले औषधांचे वाक्य.)

ओळीच्या दोन्ही टोकांना * हे चिन्ह दिले की व्हॉट्सॲपवर ती ओळ ठळक दिसते. अक्षरांचा आकार पाठवणाऱ्याच्या हाती नसतो. तो वाचणाऱ्याच्या फोनवर ठरतो. आपल्या हाती आहे ती मांडणी: एका ओळीत एकच गोष्ट आणि मध्ये कोरी ओळ. हीच सूचना रंगीत चित्रावर छापून पाठवली, तर घरच्या मुलाने आजोबांच्या फोनमध्ये मोठी करून ठेवलेली अक्षरे तेथे कामास येत नाहीत. चित्र बोटांनी ताणावे लागते, आणि ताणले की अर्धी ओळ पडद्याबाहेर जाते. संदेश लांबला तर व्हॉट्सॲप त्याचा शेवट झाकून ठेवते. जुन्या सूचनेतले मानपान आणि आयोजनाचे वर्णन आधी दिसायचे, आणि आज्ञा त्या झाकलेल्या भागात जाण्याची भीती. ‘येत्या रविवारी’ हे शब्दही काढले, कारण सोमवारी वाचणाऱ्याचा येता रविवार निराळा असतो.

आपल्या पेढ्यांवर हुंडी लिहिताना रक्कम अंकांत, मग अक्षरांत, आणि वर तिच्या निम्म्याची दुप्पट अशीही लिहीत. वाचणारा चुकू नये हीच त्यामागची दृष्टी. वार आणि तारीख दोन्ही द्यावयाची ती त्याच हिशेबाने. ‘काही न खाता’ याच्याखाली पचखाणाची ओळ आली तीही त्याचसाठी. एकच आज्ञा राहते. फक्त तिचा चुकीचा अर्थ लागण्याची वाट बंद होते.

संदेश गटावर टाकण्यापूर्वी दोघा-तिघा ज्येष्ठांना वाचावयास द्यावा. ‘समजले ना?’ असे विचारू नये. त्याला सगळेच मान डोलावतात. ‘तर मग शनिवारी रात्री आणि रविवारी सकाळी आपण काय काय करणार?’ असे विचारावे आणि गप्प बसून ऐकावे. कोणी म्हणाले, ‘शनिवारी सांजेला महाराजसाहेबांकडे पचखाण घेईन,’ तर पचखाणाची ओळ त्यांच्या नजरेतून सुटली आहे. ती वर घ्यावी, ठळक करावी. कोणी म्हणाले, ‘चहा तेवढा घेऊन येईन,’ तर चहाची ओळ. तिघांच्याही सांगण्यात सात वाजता, रिकाम्या पोटी, तळमजल्यावर एवढे नीट आले, की संदेश पाठवावा.

पाठवावयाचा तो शुक्रवारी एकदा आणि शनिवारी दुपारी चारच्या सुमारास पुन्हा, म्हणजे चौविहारापूर्वी आणि प्रतिक्रमणाला निघण्यापूर्वी नजरेस पडतो. ज्यांच्याकडे असा फोनच नाही, त्यांच्यासाठी हीच वाक्ये, शब्द न बदलता, उपाश्रयाच्या फलकावर लिहावीत आणि व्याख्यानानंतर एकदा वाचून दाखवावीत. वाचणाऱ्याने त्यात स्वतःचे ‘उपवास करून यायचे आहे बरं का’ तेवढे घालू नये.