फोटोमागची ओळ

माझ्या भाचीला सांगलीत नोकरी लागली. पहिल्या पगारातून तिने आईला इरकली साडी आणि वडिलांना मनगटी घड्याळ घेतले. दोघांना खुर्च्यांवर बसवून फोटो काढला, त्याखाली ‘पहिला पगार, पहिली भेट’ असे लिहिले आणि तो सगळ्या नातेवाइकांना पाठवला. मला तिने विचारले, “मामा, ओळ कशी वाटली?”

ओळ वाईट नव्हती; पण ती कोणाच्याही फोटोखाली चालली असती. साडी दिसते, हसणे दिसते. ते पुन्हा लिहिण्याचे कारण नाही. जे दिसत नाही ते लिहायला हवे. पगार कोणाचा, कोणत्या महिन्याचा, वस्तू कुठून आणली, बसलेले कोण, फोटो कोणी काढला? आज हे विचारणे हास्यास्पद वाटते, कारण सगळ्यांना सगळे ठाऊक असते.

आमच्या घरात असाच एक फोटो आहे. कराड तालुक्यातल्या जुन्या घराची ओसरी, आजी-आजोबा पाटांवर बसलेले आणि मध्ये पितळेचा पंपाचा स्टोव्ह. मागची बाजू कोरी. ‘थोरल्याच्या पहिल्या पगाराचा स्टोव्ह’ असेच आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. काका किर्लोस्करवाडीला कारखान्यात होते, त्यामुळे कोणाला शंका आली नाही.

भाचीने आत्याला तो फोटो दाखवला आणि सहज विचारले, “आजी, याच्याखाली काय लिहू?” आत्या आता ऐंशीच्या पुढे आहे. तिने बराच वेळ फोटो हातात धरला आणि म्हणाली, “स्टोव्ह माझा होता गं.”

ती जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होती. पहिला पगार हातात पडल्यावर तिने कराडातून स्टोव्ह आणला. चुलीच्या धुराने आजीचे डोळे सतत पाणावत, म्हणून. पण लेकीच्या पैशाचे घ्यायचे नाही, असा आजोबांचा हट्ट. दोन दिवस स्टोव्ह कोपऱ्यात पडून राहिला. मग काकांनीच तोडगा काढला, “मी आणला म्हणून सांगतो.” स्टोव्ह पेटला, आजीचे डोळे निवले आणि नाव मात्र काकांचे लागले. दादाने वाईट हेतूने केले नाही, हे आत्याने दोनदा सांगितले. मला वाटते, तो खोटेपणा तेव्हा सोयीचा होता. साठ वर्षे टिकेल असे कोणाच्याच मनात नसावे.

मग आम्ही तारीख शोधू लागलो. ओसरीच्या मागच्या भिंतीला आज दाराच्या चौकटीपासून वर गेलेली बुजवलेली भेग आहे. ती ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाची. फोटोतली भिंत सलग आहे, म्हणजे फोटो त्याआधीचा. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर १९६५ वाचता येते. महिना जूनचा आहे, पण आमच्या घरी पाने वेळेवर उलटली जात नसत, त्यामुळे महिन्यावर भरवसा ठेवला नाही. आत्या म्हणते, फोटो काकांच्या साखरपुड्याच्या दिवशीचा. फोटोवाल्याकडे एक फिल्म उरली होती. स्टोव्ह तेव्हा वर्षभर जुना होता. म्हणजे फोटोचे साल आणि भेटीचे साल एक नव्हे. ओळीत दोन्ही वेगळी लिहायला हवीत. किंमत तिला आठवत नाही. ती आम्ही अंदाजाने घातली नाही.

लिहिण्याचीही एक रीत आहे. बॉलपेन दाबले की अक्षरे पुढच्या बाजूला उमटतात आणि शाई शेजारच्या फोटोला लागते. जुन्या कागदी पाठीवर मऊ शिसपेन्सिलीने, फोटो काचेवर पालथा ठेवून, कडेला हलक्या हाताने लिहावे. हल्लीच्या गुळगुळीत पाठीवर पेन्सिल उठत नाही. तिथे लिहिलेली चिठ्ठी फोटोबरोबर पाकिटात ठेवावी. मोबाइलवरच्या फोटोला तर पाठच नसते. व्हॉट्सॲपवर खाली लिहिलेली ओळ संदेशाबरोबर तिथेच राहते आणि पुढे गेलेल्या फोटोतून मूळ तारीखही सहसा गळून पडते. म्हणून भाचीने आपल्या फोटोची एक प्रत छापून आणली.

त्या प्रतीसोबतच्या चिठ्ठीवर तिने आपले नाव, पगाराचा महिना आणि दुकान लिहिले, आणि ‘आईची इरकल, लाल पदराची, बाबांचे घड्याळ, पट्टा एक घर सैल’ असेही.

जुन्या फोटोमागची ओळ आत्याने स्वतः लिहिली. हात थरथरतो, म्हणून वेळ लागला. ‘डावीकडून आई, दादांनी आणलेला’ एवढे लिहून ती थांबली. मग सवयीने आलेला तो शब्द तिने खोडरबराने पुसला आणि पुन्हा लिहिले: ‘डावीकडून आई, मी माझ्या पहिल्या पगारातून १९६४ साली आणलेला स्टोव्ह, आणि बाबा. फोटो १९६५.’